दोडामार्गात काजू बी ११२, चंदगडला १२५: मधले तेरा रुपये कोणाचे?

पिकअपवाला_भेडशी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

आमच्या भेडशी-साटेली भागात या आठवड्यात काजू बी ११२ रुपये किलोनं उचलतायत. चंदगडच्या कारखान्यांचा दर १२५ आहे. रोज सकाळी दोन्ही दर व्हॉट्सॲपवर येतात, म्हणजे लपवाछपवी काही नाही. तिलारी घाट चढलं की चंदगड. माझ्याकडे स्वतःची पिकअप आहे, बी.कॉम. झालोय, हिशोब कळतो. कॉलेजात आर्बिट्राज शिकवलं होतं तेव्हा सर म्हणाले होते की जिथं स्वस्त तिथं घ्यायचं, जिथं महाग तिथं विकायचं, आणि असं करणारे बरेच झाले की दोन्हीकडचे दर आपोआप जवळ येतात.

मग हे तेरा रुपये अजून तसेच कसे? दीड टन माल नेला तर साडेएकोणीस हजार सुटतात. माझ्या आधी कुणालाच हे सुचलं नाही असं तर होणार नाही. कुठंतरी काहीतरी मला दिसत नाहीये. जाणकारांनी सांगावं. शिवाय शेजारी गोव्यात दीडशे रुपये दर आहे म्हणतात, तो वेगळाच प्रश्न.

तात्या_बागायतदार

अरे बाबा, यात न दिसण्यासारखं काय आहे? व्यापारी खातात. आम्ही कलमं लावायची, वणवा विझवायचा, माकडं हाकायची, बी वेचायला माणसं मिळत नाहीत ती शोधायची, आणि ठरवून सगळे एकच दर सांगतात. भेडशीत ११२ तर पलीकडच्या गावातही ११२. याला साखळी म्हणतात. तू पिकअप घेऊन जाच. तुझ्यासारख्या पोरांनी गेलंच पाहिजे.

रत्नागिरी_ट्रेडर

तात्या, सगळ्या गावांत एकच दर असला म्हणजे साखळीच असली पाहिजे असं नाही. चढाओढ चांगली असली तरी दर एकच होतो. मी शेअरबाजारात आहे. एकच शेअर दोन एक्स्चेंजवर असतो, त्यात पाच-दहा पैशांचा फरक पडला की संगणक काही क्षणांत तो मिटवतात. नियम सरळ आहे: उघड दिसणारा फरक टिकत नाही. तेरा रुपये टिकलेत याचा अर्थ ते खरे नाहीत. एक तर चंदगडचा १२५ हा नुसता सांगायचा दर असेल, प्रत्यक्षात कुणी देत नसेल. वेळ घालवू नकोस, भावा.

उतारा_४९

दर खरे आहेत आणि फरकही खरा आहे. मी बरीच वर्षं काजू कारखान्यासाठी बी खरेदी केली, घाटाखाली आणि घाटावर दोन्हीकडे. ट्रेडरभाऊंचं अर्धं बरोबर आहे. उघड फरक टिकत नाही, पण शेअर एका एक्स्चेंजवरून दुसऱ्यावर न्यायला टेम्पो लागत नाही. बी न्यायला लागतो. इथं फरक शून्यापर्यंत येत नाही, नेण्याच्या खर्चापर्यंत येतो आणि तिथं थांबतो.

पिकअपवाले, तुमचीच दीड टनाची फेरी मांडू या. १५०० किलो ११२ नं घेतलेत, म्हणजे १,६८,००० रुपये गेले. आता पहिली गोष्ट, जी व्हॉट्सॲपवर येत नाही. खळ्यावरची बी दोन उन्हं दाखवलेली असते, तिच्यात बारा टक्के ओल धरा. कारखान्याचा १२५ हा नऊ टक्के ओलीच्या मालाचा दर आहे. जास्त ओल असली की ते वजन कापतात, नाहीतर तुम्ही स्वतः वाळवून न्यायची. कसंही करा, १५०० किलोचे १४५० होतात. त्यात फोल, किडकी, काळी पडलेली बी बाजूला काढतात, एक टक्का म्हणजे पंधरा किलो. विकायला राहिली १४३५ किलो. तिचे १२५ प्रमाणे १,७९,३७५ झाले. साडेएकोणीस हजारांचे आता ११,३७५ राहिले, आणि गाडी अजून भेडशीतच उभी आहे.

आता गाडीभाडं सहा हजार. तुमची स्वतःची असली तरी धराच, कारण त्या दिवशी ती दुसरीकडे भाड्यानं गेली असती. ऐंशी किलोची एकोणीस पोती, भरण्या-उतरवण्याची हमाली दोन्हीकडे मिळून पोत्याला पन्नास, म्हणजे ९५०. घरोघर फिरून माल गोळा करणारा गावातला माणूस किलोला रुपया घेतो, १५०० गेले. कारखाना पैसे पंधरा दिवसांनी देतो आणि शेतकऱ्याला रोख द्यावे लागतात. महिना दीड टक्क्यानं पंधरा दिवसांचं व्याज १,२६०. एकूण खर्च ९,७१०.

हातात राहिले १,६६५ रुपये. आणि तुम्ही घाट चढत असताना कारखान्यानं दर एका रुपयानं खाली आणला, तर त्यातले १,४३५ गेले.

तर तेरा रुपये कुणी खात नाही. त्यातले बारा वाटेत आणि उन्हात जातात. फरक बाराच्या खाली असला की माल हलत नाही आणि दोन्ही गावं आपापल्या दरानं चालतात. बाराच्या वर गेला की गाड्या सुटतात.

पिकअपवाला_भेडशी

अण्णा, डोळे उघडले. ओलीचा तर मी विचारच केला नव्हता. पण एक विचारू का? मग या धंद्यात कुणीच कसा पैसा करत नाही? आमच्याकडून दोन-तीन गाड्या नेहमी जातातच की चंदगडला.

उतारा_४९

जातात, कारण त्यांचा खर्च बारा नाही. त्या गाड्या येताना रिकाम्या येत नाहीत. बेळगावकडची भाजी, बटाटा घाटाखाली आणि गोव्यात उतरतो. येतानाचं भाडं मिळालं की जातानाचं काजूवर साडेतीन हजारच पडतं, म्हणजे त्यांना दहा-सव्वादहाचा फरक पुरतो. फरक किती राहणार हे ठरवतो तो सगळ्यांत स्वस्तात नेणारा माणूस. तुमचा खर्च बारा आणि त्याचा दहा असेल, तर बहुतेक दिवस तुम्हाला वाटेल की आता जरा आणखी वाढू दे मग निघतो, आणि तो त्याआधीच गाडी भरून फरक मिटवून गेलेला असेल.

परतीचा माल शोधा. दर शोधण्यापेक्षा ते जास्त कामाचं आहे.

देवगडची_मीरा

छान चर्चा चालू आहे. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमची हापूसची बाग आहे. वाशीला पेटी पाठवावी की पुण्यात थेट गिऱ्हाइकाला द्यावी? पुण्यात दर दीडपट मिळतो असं मावसभाऊ सांगतो.

उतारा_४९

ताई, तो प्रश्न वेगळा आहे. वाशीचा दर घाऊक लिलावाचा, मावसभावाचा दर घरपोच डझनाचा. त्यात पेटी भरणं, प्रत निवडणं, नासका आंबा बदलून देणं आणि फोन घेणं हे सगळं तुमच्याकडे येतं. तो कामाचा मोबदला आहे, दोन बाजारांतला फरक नव्हे. घाऊक वाशी आणि घाऊक पुणे यांचा एकाच दिवसाचा, एकाच प्रतीचा दर लावून बघा, मग बोलू.

देवगडची_मीरा

बरं. पण माझ्याकडे फोन घ्यायला माणूस आहे, त्यामुळे मला पुणेच बरं वाटतंय. वेगळा धागा काढते.

बांदा_नाका

गोव्याचा विषय मी सांगतो, सीमेवरच राहतो. गोवा सरकारनं २०२३ मध्ये काजूचा आधारभाव १२५ वरून १५० केला हे खरं. पण गोव्यातला खरेदीदार कुणाला दीडशे देत नाही. तो बाजारभावच देतो. बाजारभाव आणि आधारभाव यांतला फरक सरकार नंतर शेतकऱ्याच्या खात्यात जमा करतं, आणि त्याला गोव्याचं कृषी कार्ड लागतं. आपली बी पत्रादेवीच्या पलीकडे नेली तर मिळणारा दर आपल्याइतकाच, एखाददुसरा रुपया इकडेतिकडे. बांद्यातले व्यापारी तर गोवा बागायतदार संस्थेचा दर काय निघाला ते पाहूनच आपला दर सांगतात. दीडशे ही बाजारातली किंमत नाहीच, ते कार्डधारकाला दिलेलं अनुदान आहे.

पिकअपवाला_भेडशी

पण मग कुणाचा पाहुणा गोव्यात असेल, त्याच्या कार्डावर आपली बी घातली तर?

बांदा_नाका

असं करणारे नसतील असं मी म्हणत नाही. पण ती सरकारची फसवणूक आहे, गुन्हा आहे, आणि कार्डावर किती कलमं नोंदली आहेत याचा हिशोब कृषी खात्याकडे असतो. इथं उघड सांगतो, त्या वाटेला जाऊ नकोस.

उतारा_४९

बांदेकरांनी नेमकं सांगितलं. एक जोड देतो. सरकारनं दीडशेनं प्रत्यक्ष खरेदी केली असती, कुणाचीही, तर सगळा सिंधुदुर्ग पोती घेऊन सीमेवर उभा राहिला असता आणि गोव्याचा तो पैसा थोड्या दिवसांत संपला असता. म्हणूनच फरकाची रक्कम कार्डाला बांधली आहे. जिथं माल नेण्यावर अशी आडकाठी असते तिथं दोन दर शेजारी-शेजारी कितीही दूर राहू शकतात.

सावंतवाडी_मास्तर

मी अर्थशास्त्र शिकवतो. आर्बिट्राजनं दर जवळ येतात याचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा आपल्याच किनाऱ्यावर, खाली उत्तर केरळात सापडलेला आहे. तिथं तारली पकडणाऱ्या होड्या आपल्या गावच्या किनाऱ्यावरच माल उतरवत. एखाद्या दिवशी एका गावात मासळी जास्त झाल्यानं समुद्रात फेकावी लागे, आणि दहा-पंधरा किलोमीटरवर दुसऱ्या गावात गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जाई. १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्यानं मोबाइलचे टॉवर आले आणि समुद्रातूनच फोन करून कुठं उतरायचं ते ठरू लागलं. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानं या सगळ्या बाजारांचे दर आठवड्यामागून आठवडे नोंदले होते, तो अभ्यास २००७ मध्ये आला. टॉवर ज्या भागात आला त्या भागात गावागावांतला दराचा फरक झपाट्यानं आटला, फेकली जाणारी मासळी जवळजवळ संपली, कोळ्यांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त पडली. तात्यांनी हे पाहावं. फरक मिटवणाऱ्यानं दोन्ही टोकांचं भलं केलं.

तात्या_बागायतदार

मास्तर, केरळात कोळ्यानं स्वतः होडी फिरवली. इथं होडी व्यापाऱ्याची आहे. फायदा त्यालाच होणार ना?

दांडी_किनारा

मी मालवणची, घरात होडी आहे. मास्तरांचा तो फोनचा किस्सा खरा असेलही, पण आमच्याकडे बघाल तर फोन सगळ्यांकडे आहेत. बांगडा मालवणात पडला आणि वेंगुर्ल्यात चढा आहे हे पाच मिनिटांत कळतं. तरी आमची होडी वेंगुर्ल्याला जात नाही. डिझेल किती जाईल, बर्फ पुरेल का हा एक भाग झाला. मोठा भाग असा की जाळ्याला आणि इंजिनाला ज्यानं पैसे दिलेत, मासळी त्याच्याच टोपलीत घालायची असते. तो सांगेल तो दर. कळून उपयोग काय?

सावंतवाडी_मास्तर

ताई, हा मुद्दा अगदी योग्य आहे. त्या अभ्यासातल्या कोळ्यांना कुठंही उतरायची मोकळीक होती, त्यामुळे माहितीची अडचण सुटताच दर जुळले. जिथं आडकाठी माहितीची नसून कर्जाची आहे तिथं टॉवरनं फारसं काही होणार नाही.

कोलझरचो_भाव

काजूचा पण तसाच आसा. पावसात पोरांच्या फीसाठी नायतर दवाखान्यासाठी व्यापाऱ्याकडसून पैसे उचललेले आसतत. मगे बी त्येकाच द्यावी लागता. ११२ चालू आसलो तरी तो १०६ धरता, आणि आमी काय बोलूक शकत नाय. पिकअपवाल्यान ११५ देतय म्हटला तरी माका देवक येवचा नाय.

उतारा_४९

भाऊंनी सांगितलं ते या धाग्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. गावचा ११२ आणि चंदगडचा १२५ यांतला फरक गाड्या मिटवतात. पण १०६ आणि ११२ यांतले सहा रुपये मिटवायला गाडी पुरत नाही, तिथं उचल फेडायला कुणीतरी रोख पैसा घेऊन यावा लागतो. तात्या जे बोलतायत ते याबद्दल असेल तर त्यांच्या रागाला जागा आहे. मी स्वतः खरेदीत असताना हे पाहिलेलं आहे आणि ते मला कधीच पटलं नाही.

तात्या_बागायतदार

पटलं नाही म्हणता, तरी घेत होतात ना त्याच व्यापाऱ्यांकडून?

उतारा_४९

घेत होतो. कारखान्याला रोज माल लागतो.

पिकअपवाला_भेडशी

अण्णा, परत मालाकडे येतो. ओल किती ते खळ्यावर कसं ओळखायचं? आणि फरक खरंच बाराच्या वर गेला हे दोन दरांवरून कळतं ना?

उतारा_४९

नुसत्या दोन दरांवरून कळत नाही, आणि नवीन माणूस फसतो तो इथंच. दर किलोचा असतो, पण कारखाना विकत घेतो आतला गर.

ओलीचं आधी. मूठभर बी हातात घेऊन हलवा. वाळलेली असेल तर खडखडीत आवाज येतो, ओली गुमसुम असते. नखानं टरफल दाबा, ओल्या बीचं दबतं. ओलमापक यंत्र मिळतं, या धंद्यात राहायचं असेल तर घ्याच. हंगामाच्या सुरुवातीची, झाडाखालून वेचून तशीच आणलेली बी अठरा टक्के ओलीची असू शकते. तशी शंभर किलो घेतलीत तर नऊ टक्क्यांवर आणताना नव्वद राहते. त्यामुळे ओली बी १०४ नं मिळाली म्हणून खूश होऊ नका, ती वाळून ११५ च्या वर पडते.

आता उतारा. वेगवेगळ्या पोत्यांत हात घालून, तळातूनसुद्धा, किलोभर नमुना काढा. मोजा. वेंगुर्ला ७ ची बी मोठी, किलोत साधारण शंभर बसतात. गावठी रायवळ असेल तर दोनशेच्या आसपास किंवा वर. मग अडकित्त्यानं एकेक बी मधोमध कापायची. पांढरा, भरलेला गर एका बाजूला, सुरकुतलेला, डागाळलेला, किडका दुसऱ्या बाजूला. हाताला तेल लावून बसा, टरफलातल्या चिकानं कातडी जळते. चांगला गर सोलून वजन करा. २८० ग्रॅम भरला तर उतारा २८ टक्के. कारखान्यात आम्ही हेच ऐंशी किलोच्या पोत्यामागे पौंडांत बोलतो, २८ टक्के म्हणजे ४९ पौंड.

याचा परिणाम बघा. एका खळ्यावर बी ११२ ची आहे, उतारा २७. दुसऱ्या खळ्यावर ११८ सांगतायत, उतारा २९. पहिलीतला किलोभर गर ४१५ रुपयांना पडला, दुसरीतला ४०७ ला. महाग सांगितलेला माल खरंतर स्वस्त आहे. दोन गावांतल्या दरात पाच-सहा रुपयांचा फरक दिसतो तेव्हा बहुतेक वेळा तो बाजाराचा फरक नसतो, बीचाच असतो. तो नेऊन विकलात तर कारखाना कापून बघेल आणि तुमचा फरक तिथंच संपेल. आधी कापा, मग गाडी भरा.

रत्नागिरी_ट्रेडर

हे वाचून मजा आली, अण्णा. आमच्याकडे एक शेअर म्हणजे दुसऱ्या शेअरसारखाच, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. पण मग एक सोपा मार्ग दिसतो. मे महिन्यात हंगाम संपताना दर पडलेले असतात. तेव्हा माल घेऊन गोदामात ठेवायचा, ऑक्टोबरात दिवाळीच्या तोंडावर विकायचा. तोही आर्बिट्राजच, फक्त जागेऐवजी काळाचा. यात तर नफा ठरलेला आहे.

उतारा_४९

नफा ठरलेला नाही. चंदगडचा आजचा दर तुम्हाला आज माहीत आहे, ऑक्टोबरचा कुणालाच नाही. तुम्ही दोन दरांतला फरक उचलत नाही, एका दरावर पैसे लावताय. पाच महिन्यांचं व्याज, घट, पावसाळ्यात बुरशीची भीती हा सगळा खर्च पक्का आहे, फायदा अंदाजाचा. आणि तुमच्या ऑक्टोबरमध्ये आणखी एक माणूस उभा असतो, तो म्हणजे टांझानियाचा शेतकरी. त्यांचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, आणि ती बी उताऱ्याला चांगली असते. आपले साठवणूकवाले दर चढायची वाट बघत बसतात तेव्हाच ती यायला लागते.

साठवायचंच असेल तर शेतकऱ्यानं स्वतः साठवणं बरं. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत काजू बी बसते. गोदामात ठेवून किमतीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळते. व्यापाऱ्याच्या उचलीपेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे.

कोलझरचो_भाव

पन ता बी पिकल्यार मिळता. आमका पैसे लागतत पावसात.

तात्या_बागायतदार

टांझानियाचं नाव निघालंच तर बोलू या. आफ्रिकेची बी आली नसती तर आज आम्हाला दीडशे-दोनशे मिळाले असते. २०१८ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क पाच टक्क्यांवरून अडीचवर आणलं. हे जे तुम्ही दर जवळ आणणं म्हणताय ना, त्यानं आमचा दर खाली ओढला. मास्तर, याला भलं म्हणायचं?

उतारा_४९

तात्या, आयातीनं तुमच्या दराला वरून झाकण बसलंय हे खरं आहे, मी नाकारत नाही. ते झाकण कुठं बसतं बघा. समजा आफ्रिकेची बी टनाला १,४०० डॉलरनं बंदरात आली आणि डॉलर ८४ रुपये आहे, तर किलोला ११७ रुपये ६० पैसे झाले. अडीच टक्के शुल्काचे तीन रुपये. बंदराचा खर्च आणि मंगळूरहून चंदगडपर्यंतचा ट्रक असे सहा-सात धरा. कारखान्याच्या दारात ती १२७ ला पडली. मग तो तुमच्या बीला त्यापेक्षा फार जास्त का देईल? उतारा चांगला असेल तर चार-पाच रुपये जास्त देईल, बस. शुल्क परत पाच टक्के केलं तर झाकण तीन रुपयांनी वर जाईल. दीडशे-दोनशे होणार नाही.

दुसरी बाजूही आहे. ज्या वर्षी आफ्रिकेत बी महागते, किंवा व्हिएतनामचे कारखाने जास्त दर देऊन तिकडून उचलतात, त्या वर्षी भेडशीतला दरही चढतो. कोकणात पीक कमी नसतानासुद्धा. तो चढ तुम्हाला कुणी दान करत नाही, तीच साखळी उलट्या दिशेनं चालते.

तात्या_बागायतदार

तीन रुपये तर तीन रुपये. माझ्या वीस पोत्यांवर तेवढे मला पुरतात. आणि आयात बंदच केली तर?

सावंतवाडी_मास्तर

तात्या, देशातले कारखाने चालायला लागणारी निम्म्याहून जास्त बी बाहेरून येते. ती थांबली तर कारखाने बंद पडतील, मग तुमची बी घेणार कोण?

तात्या_बागायतदार

मास्तर, आधी दर तर मिळू दे. कारखान्याचं पुढचं पुढं बघू. हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

बांदा_नाका

दर जुळतात ते गाड्यांमुळेच, याची मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका हंगामात बाहेरचा माल उशिरा आला आणि चंदगडचे दर एकदम चढले, १३० झाले. इकडे ११२ च. अठरा रुपये फरक. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या गाड्या कधी काजूला लागत नाहीत, वाळूच्या, चिऱ्याच्या, त्यासुद्धा साटेलीत पोती भरत होत्या. माल मिळेना म्हणून गोळा करणारे एकमेकांच्या वर बोली लावायला लागले. ११४, ११६, आठवडा सरायच्या आत ११८. तिकडे कारखान्यांपुढं गाड्यांची रांग लागल्यावर त्यांनी दर १२९ वर आणला. फरक अकरावर आला आणि वाळूच्या गाड्या परत वाळूला गेल्या. कुणी बैठक घेतली नव्हती.

उलटंही पाहिलंय. तिलारी घाट अवजड गाड्यांना बंद झाला की आंबोलीनं वळसा घालावा लागतो. मग तोच फरक पंधरा-सोळावर जाऊन बसतो, आणि घाट सुरू होईपर्यंत हलत नाही.

पिकअपवाला_भेडशी

म्हणजे त्या आठवड्यात पहिल्या दिवशी जो निघाला त्याला किलोमागे सहा रुपये सुटले, आणि शेवटच्याला काहीच नाही.

बांदा_नाका

शेवटच्याला तोटा झाला. त्यानं ११८ नं घेतली, वाळवण्यात दोन दिवस गेले, पोचला तेव्हा १२८ होते.

पिकअपवाला_भेडशी

समजलं. आता माझं असं ठरतंय. या आठवड्यात गाडी भरत नाही. ओलमापक आणि अडकित्ता घेतो, चार-पाच खळ्यांवर नमुने कापून बघतो. चंदगडहून येताना भाजीचं भाडं देणारा कुणी मिळतो का ते शोधतो. अण्णा, कारखान्याला आधी फोन करून दर दोन दिवस बांधून घेता येतो का?

उतारा_४९

ओळख झाल्यावर येतो, पहिल्या फेरीत नाही. एकदा चांगला उतारा दाखवलात की ते स्वतःच फोन करतील. तोपर्यंत निम्मीच गाडी भरा. आणि पैसे किती दिवसांत देणार हे दर विचारायच्या आधी विचारा. पंधराचे पंचेचाळीस दिवस झाले तर तुमचं व्याज तिप्पट होतं, आणि १,६६५ मधून ते निघत नाही.

कोलझरचो_भाव

पिकअपवाल्या, माझी इलीशी बी मोकळी आसा, व्यापाऱ्याक देवन उरलेली. वेंगुर्ला ४ ची. कापून बघ आणि काय देतंस ता सांग. एका अटीर, पैसे हातात.

पिकअपवाला_भेडशी

येतो भाऊ, रविवारी सकाळी. रोख घेऊनच येतो. पोती हलवू नका, तळातला नमुना मीच काढीन.